धंतोलीतला फ्रीज आणि एका पानाचा रेझ्युमे

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याकडे दाखवायला नोकरी नसते. त्यामुळे रेझ्युमेत नोकरीच्या जागी काय येते, यावर त्याचे सगळे पान उभे असते. अकरा पॉइंटच्या साध्या अक्षरात ए-फोर कागदावर साधारण पन्नासेक ओळी बसतात. नाव, फोन, ईमेल आणि शहर यांना दोन ओळी पुरतात, शिक्षणाला चार-पाच, कौशल्यांना तीन-चार. मथळे आणि मोकळी जागा सोडली तरी तीसेक ओळी उरतात, आणि त्या प्रकल्प व इंटर्नशिप यांनीच भरायच्या असतात. नागपुरात अजून चालणाऱ्या ‘बायोडाटा’च्या नमुन्यात या ओळी वडिलांचे नाव, जन्मतारीख, छंद, ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा’ हे उद्दिष्ट आणि शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ हे सहीसकट प्रतिज्ञापत्र यांत खर्च होतात. त्यातली एकही ओळ विद्यार्थ्याला काय येते हे सांगत नाही. सरकारी अर्जात यांपैकी काही बाबी लागतात, पण तिथे छापील किंवा ऑनलाइन फॉर्म असतोच.

अडचण वेळेचीही असते. बहुतेक महाविद्यालयांत कॅम्पसच्या मुलाखती सातव्या सत्राच्या सुरुवातीलाच लागतात, आणि तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मोठ्या प्रकल्पाचा जेमतेम विषय ठरलेला असतो. म्हणजे रेझ्युमे लिहिताना हाताशी असतो तो तिसऱ्या वर्षाचा छोटा प्रकल्प आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिप. एवढ्या सामग्रीतून पान कसे उभे राहते हे पाहण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेची एक विद्यार्थिनी नमुन्यादाखल घेता येईल. तिच्याकडच्या दोन्ही गोष्टी धंतोलीतल्या आहेत. बर्डीला लागून असलेली ही वस्ती म्हणजे नागपुरातली दवाखान्यांची पेठ. एकेका गल्लीत अनेक रुग्णालये आणि त्यांच्या पायथ्याशी औषधांची दुकाने. सहाव्या सत्रात तिच्या चौघांच्या गटाने अशाच एका दुकानातल्या फ्रीजवर तापमान नोंदवणारे आणि बिघाड झाला की एसएमएस पाठवणारे यंत्र बसवले. मे-जूनमध्ये तिने एका रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात सहा आठवडे काम केले.

जुलैमध्ये तिने लिहिलेला पहिला मजकूर असा होता: ‘आयओटी आधारित स्मार्ट तापमान निरीक्षण प्रणाली. या प्रकल्पात ईएसपी32, तापमान सेन्सर व जीएसएम मॉड्यूल यांचा वापर केला. ही प्रणाली आरोग्य क्षेत्रासाठी अत्यंत उपयुक्त आहे.’ (रेझ्युमे अर्थातच इंग्रजीत जातो; इथे ओळींचा आशय मराठीत दिला आहे.) या तीन ओळी खोट्या नाहीत, पण त्या कोणाच्याही असू शकतात. ज्याने यंत्र स्वतः केले तोही हेच लिहितो आणि ज्याने ते तयार विकत घेतले तोही. तयार प्रकल्प अहवालासकट विकत मिळतात हे मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक असते. साहजिकच असा मजकूर वाचताना त्याच्या मनात पहिली शंका तीच येते.

वेगळे काय लिहायचे ते काम करताना काय घडले यात सापडते. इन्सुलिन, लसी आणि काही थेंबांची औषधे 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. गटाने बर्डीतून डीएस18बी20 या सेन्सरचे तीन नग आणले. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार हा सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत चुकू शकतो. शिवाय बाजारात त्याच्या नकला भरपूर मिळतात. बर्फ आणि पाणी यांच्या घोटलेल्या मिश्रणात, म्हणजे शून्य अंशाला, तिन्ही धरून पाहिले तेव्हा एक सेन्सर 0.8 अंश दाखवत होता. तो बाजूला काढला. यंत्र फ्रीजला लावल्यावर पहिल्याच आठवड्यात दिवसाला आठ-नऊ एसएमएस जाऊ लागले, कारण गिऱ्हाइकासाठी दार उघडले की मोकळ्या हवेतला सेन्सर लगेच तापायचा. दुकानदाराने सांगितले, ‘ताई, दार उघडलं की मेसेज येऊन राहिला. आता मी मेसेज पाहणंच सोडून दिलं.’ धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्राचे यापेक्षा मोठे अपयश नसते. मग सेन्सर ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवला. त्यामुळे तो हवेचे नव्हे, तर बाटलीतल्या औषधाचे तापमान जसे बदलेल तसे दाखवू लागला. प्रोग्राममध्येही अट घातली की तापमान सलग दहा मिनिटे 8 अंशांच्या वर राहिले तरच एसएमएस जावा. पुढच्या दोन आठवड्यांत तीनच एसएमएस गेले: दोन वीज गेली तेव्हाचे आणि एक दार नीट न लागल्याचा.

दुसरा बिघाड आणखी त्रासाचा होता. एसएमएस पाठवायच्या नेमक्या क्षणी यंत्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे. टेबलावर चार्जरवर ठीक चालणारे यंत्र दुकानात बॅटरीवर असे का करते, हे शोधण्यात बराच वेळ गेला. सिम800एल हे जीएसएम मॉड्यूल नेटवर्कशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. बारीक तारांतून तेवढा प्रवाह गेला की व्होल्टेज खाली येते आणि कंट्रोलर रीसेट होतो. मॉड्यूलच्या अगदी जवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जाड तार जोडल्यावर हा त्रास थांबला.

पहिल्या मजकुरात यातले काहीच नव्हते. गटाच्या अहवालात होते, पण अडतिसाव्या पानावर. विद्यार्थी नेमके हेच वगळतात, कारण अडचण आली हे सांगणे त्यांना कमीपणाचे वाटते आणि सुट्या भागांची यादी देणे तांत्रिक वाटते. मुलाखत घेणाऱ्याचे पाहणे उलटे असते. सुटे भाग तर कोणीही विकत आणू शकतो. दार उघडल्याने येणाऱ्या खोट्या सूचना कशा थांबवल्या, हे मात्र काम केलेलाच सांगू शकतो. त्यावरून फेरलेखन झाले ते असे:

‘औषधांच्या फ्रीजसाठी तापमान नोंद व एसएमएस सूचना यंत्र, धंतोलीतल्या औषध दुकानात तीन आठवडे चालवले. बर्फबिंदूला सेन्सर तपासून सदोष नग वगळला. सेन्सर ग्लिसरीनमध्ये ठेवून आणि दहा मिनिटांची अट घालून सूचना दिवसाला 8-9 वरून दोन आठवड्यांत 3 वर आणल्या, तिन्ही खऱ्या. एसएमएसच्या वेळी होणारा रीसेट मल्टिमीटर व ऑसिलोस्कोपने शोधून वीजपुरवठ्यात सुधारणा केली.’

यातले आकडे मोठे नाहीत, आणि ते मोठे असण्याची गरजही नाही. आकड्याला पुरावा हवा. इथे दर मिनिटाची नोंद मेमरी कार्डावर जात होती, म्हणून सूचना किती आणि कधी गेल्या हे फाइल उघडून मोजता आले. बऱ्याच रेझ्युमेत ‘कार्यक्षमता 40 टक्क्यांनी वाढवली’ असे लिहिलेले असते, आणि कशाची कार्यक्षमता, कशाच्या तुलनेत, असे विचारले की उत्तर संपते. मोजमाप केलेले नसेल तर दोन वाटा उरतात. यंत्र अजून हाताशी असेल तर एक-दोन दिवस लावून आता मोजावे. नसेल तर आकडा न देता काय बदलले तेवढेच लिहावे.

ओळ टिकते का हे पाहायची सोपी रीत म्हणजे तिच्यावर ओळीने दोन प्रश्न विचारणे. ‘डीएस18बी20 वापरला’ यावर पहिला प्रश्न येतो: त्याच्या डेटा तारेवर 4.7 किलोओहमचा रोधक कशासाठी? उत्तर असे की सेन्सर तार फक्त खाली ओढू शकतो, ती पुन्हा वर न्यायला रोधक लागतो. मग दुसरा: तार वीस मीटर असती तर तोच रोधक चालला असता का? तार लांबली की तिची कपॅसिटन्स वाढते, सिग्नल वर यायला वेळ लागतो, म्हणून कमी किमतीचा रोधक लागू शकतो. हे उत्तर तिला नीट देता येत नव्हते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण मुलाखतीच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा जुलैत कळलेले बरे. ज्या ओळीवर पहिलाच प्रश्न अडतो ती ओळ पानावरून काढलेली चांगली.

गटाच्या कामात स्वतःचा वाटा वेगळा लिहावा लागतो, आणि इथे अनेकांची कुचंबणा होते. चौघांच्या गटातले चारही जण एकाच कंपनीच्या मुलाखतीला जातात. चौघांच्या पानावर ‘प्रोग्राम लिहिला’ असेल तर मुलाखतीच्या टेबलावर ते लगेच उघडे पडते. या विद्यार्थिनीने सेन्सरची तपासणी, वीजपुरवठ्याचा दोष आणि दुकानातली चाचणी हे केले होते. एसएमएसचा प्रोग्राम दुसऱ्याचा होता. म्हणून मथळ्याशेजारी ‘चौघांचा गट; वाटा: सेन्सर, वीजपुरवठा, प्रत्यक्ष चाचणी’ एवढेच आले. गटाने पान लिहिण्याआधी एकदा बसून ही वाटणी ठरवली तर पुढचे अवघडलेपण टळते. मी प्रोग्राम केला नाही हे सांगितल्याने पान हलके होईल अशी भीती असते. प्रत्यक्षात वीजपुरवठ्याचा दोष शोधणाऱ्याला हार्डवेअरच्या कामासाठी अधिक मागणी असू शकते.

इंटर्नशिपचा भाग लिहिताना चूक वेगळीच होते. रुग्णालयातला बायोमेडिकल विभाग व्हेंटिलेटर, डायलिसिस मशीन, मॉनिटर, एक्स-रे असे सगळे सांभाळतो. पहिल्या मसुद्यात विद्यार्थिनीने तीच यादी उतरवली होती, जणू काही सहा आठवडे तिनेच ती यंत्रे सांभाळली. विभागातल्या अभियंत्याने तिचा मसुदा वाचून एवढेच म्हटले, ‘आम्ही काय करतो ते नको लिहू बेटा, तू काय केलंस ते लिही.’ तिने केलेले काम दोन प्रकारचे होते. वॉर्डातल्या यंत्रांची नोंदवही संगणकावर उतरवणे हे एक. दुसरे म्हणजे इन्फ्युजन पंपांच्या बॅटरीची चाचणी. औषध ठरावीक वेगाने शिरेत सोडणारा हा पंप रुग्णाला एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेताना बॅटरीवर चालतो, म्हणून ती किती टिकते हे माहीत असणे भाग असते. रुग्णासाठी वापरात नसलेला पंप वॉर्डातून आणायचा, पूर्ण चार्ज करायचा, प्लग काढून ठरवलेल्या वेगाने साधे पाणी मोजपात्रात सोडत ठेवायचे आणि कमी बॅटरीची सूचना वाजेपर्यंतचा वेळ नोंदवायचा. तो वेळ उत्पादकाने दिलेल्या वेळेशी ताडून बॅटरी बदलायची की नाही ते अभियंता ठरवत असे. अशा 28 पंपांच्या नोंदी तिने केल्या.

इथे एक नाजूक बाब येते. अठ्ठावीसपैकी किती पंपांच्या बॅटऱ्या कमजोर निघाल्या हा आकडा तिच्याकडे होता आणि तो रेझ्युमेत चमकलाही असता. पण रुग्णालयाचे नाव वर आणि खाली त्याच्या सदोष यंत्रांची संख्या, असे पान गावभर फिरणे बरे नव्हे. तो आकडा रुग्णालयाचा असतो, इंटर्नचा नव्हे. म्हणून ओळ अशी झाली: ‘28 इन्फ्युजन पंपांच्या बॅटरी-टिकाऊपणाची चाचणी अभियंत्याच्या देखरेखीखाली घेतली, बदलायच्या बॅटऱ्यांची प्राधान्ययादी तयार केली.’ ‘देखरेखीखाली’ या शब्दाने कामाची किंमत कमी होत नाही. सहा आठवड्यांच्या विद्यार्थिनीला रुग्णालय एकटीने काही करू देणार नाही हे वाचणाऱ्याला कळते, आणि तो शब्द नसता तर उलट संशय आला असता. रुग्णाची माहिती किंवा त्या माहितीचा फोटो असलेली कोणतीही गोष्ट पानावर किंवा मोबाइलमध्ये दाखवायला ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको, पण व्हेंटिलेटरच्या स्क्रीनचा फोटो अहवालात छापणारे दरवर्षी निघतात.

केवळ प्रमाणपत्रासाठी झालेली ‘इंटर्नशिप’ असेल, म्हणजे पैसे भरून आठवडाभर ऑनलाइन व्हिडिओ पाहिले असतील, तर ती इंटर्नशिपच्या मथळ्याखाली न लिहिलेली बरी. कौशल्याच्या रकान्यात ‘अभ्यासक्रम पूर्ण केला’ अशी एक ओळ तिला पुरते. मथळ्याखाली टाकली की शेजारची खरी सहा आठवड्यांची नोंदही त्याच मापाने मोजली जाते.

कौशल्यांचा रकाना सर्वांत शेवटी लिहावा, म्हणजे वरच्या ओळींतून जे निघते तेवढेच तो घेतो. या विद्यार्थिनीने आधी ‘सी, सी++, पायथॉन, जावा, मॅटलॅब, आयओटी, मशीन लर्निंग, एम्बेडेड सी’ असे लिहिले होते. जावा दुसऱ्या वर्षाच्या एका पेपरपुरता होता, मशीन लर्निंग एका व्याख्यानापुरते. एम्बेडेड सीचे प्रकरण जरा बारीक आहे. तिने ईएसपी32 साठी वापरले ते आर्डुइनोचे वातावरण. तिथे रजिस्टर थेट हाताळावे लागत नाहीत. ‘एम्बेडेड सी’ वाचून परीक्षक टायमरच्या रजिस्टरबद्दल विचारतो, आणि मग वर सांगितलेले सगळे खरे कामही डळमळते. शेवटी राहिले ते असे: आर्डुइनो वातावरणात ईएसपी32, नोंदींच्या फाइलचा आलेख काढण्याइतके पायथॉन, झिरो पीसीबीवर जोडणी व सोल्डरिंग, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, एक्सेल. यादी आखूड दिसते, पण तिच्यातली प्रत्येक बाब वर कुठेतरी वापरलेली दिसते. कौशल्यापुढे पाचपैकी चार तारे रंगवण्याची फॅशन आहे. चार ताऱ्यांचे पायथॉन म्हणजे किती, हे ना लिहिणाऱ्याला सांगता येते ना वाचणाऱ्याला.

शिक्षणाच्या भागावर फार वेळ घालवायचे कारण नाही. पदवी, शाखा, महाविद्यालय, उत्तीर्ण होण्याचे अपेक्षित वर्ष आणि सीजीपीए, त्याखाली बारावी किंवा डिप्लोमा आणि दहावी. भारतात दहावी-बारावीचे गुण अजून लागतात, कारण कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या सगळीकडे किमान 60 टक्के अशी चाळणी लावतात. सीजीपीए जसा गुणपत्रिकेवर आहे तसाच लिहावा. टक्केवारी काढण्याचे सूत्र विद्यापीठागणिक बदलते, आणि स्वतःच्या मनाने केलेले रूपांतर अर्जातल्या आकड्याशी जुळले नाही तर खोटेपणाचा ठपका बसतो. एटीकेटी लागून पुढे सुटलेला विषय पानावर लिहावा लागत नाही, मात्र विचारले तर लपवू नये. चालू बॅकलॉग असेल आणि कंपनीची अट ‘बॅकलॉग नको’ अशी असेल, तर तिथे रेझ्युमेची कारागिरी चालत नाही.

मग फाइलची पाळी. मोठ्या कंपन्यांत पान आधी संगणक वाचतो आणि त्यातला मजकूर आपल्या रकान्यांत भरतो. ऑनलाइन मिळणारे दोन स्तंभांचे रंगीत साचे इथे अडचणीचे ठरतात. डावीकडचा फोन क्रमांक आणि उजवीकडची प्रकल्पाची ओळ त्याला एकाच ओळीत दिसू शकते, आणि फोनच्या चित्राच्या जागी नुसता चौकोन. हे आपल्या फाइलचे होते का ते घरीच कळते. पीडीएफ उघडावी, सगळा मजकूर निवडून कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे ओळी क्रमाने, शब्द न तुटता आल्या तर फाइल ठीक आहे. या विद्यार्थिनीच्या पहिल्या साच्यात प्रकल्पाच्या मध्येच ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ घुसले होते. तिने साचा टाकून एका स्तंभाचे साधे पान केले. फाइलला `resume_final_new2.pdf` असे नाव देऊ नये. नाव, शाखा आणि वर्ष असलेले नाव द्यावे, कारण प्लेसमेंट विभागाच्या फोल्डरमध्ये शेकडो फाइली एकत्र पडलेल्या असतात.

एकच पान सगळीकडे पाठवून चालत नाही, पण प्रत्येकासाठी नवे लिहावे लागते असेही नाही. मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी तिने नोंदींची फाइल आणि पायथॉनचा आलेख ही ओळ प्रकल्पात वर घेतली आणि कपॅसिटरची ओळ आखडली. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या उद्योगासाठी आणि वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीसाठी वीजपुरवठ्याचा दोष व पंपांची चाचणी वर राहिली. आठव्या सत्रात मोठा प्रकल्प आकाराला आला की त्याची ‘सुरू आहे’ म्हणून टाकलेली एकुलती ओळ काढून तिथे चार-पाच ओळी येतात. तेवढी जागा फ्रीजच्या प्रकल्पातून काढायची, आणि त्यात सर्वांत आधी जातो तो सेन्सरच्या तपासणीचा उल्लेख. सूचना दिवसाला आठ-नऊवरून दोन आठवड्यांत तीनवर कशा आल्या ही ओळ शेवटपर्यंत ठेवायची.